बॅकअप आहे, पण परत उभा राहतो का?

आज बोलू या चालू डेटाबेसच्या बॅकअपबद्दल. उदाहरण पोस्टग्रेसचं घेतो.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसली. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबीच उरले. बॅकअप रोज घेतला जातो अशी सगळ्यांची समजूत होती. पाहिलं तर बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस होता 9.6 आवृत्तीचा आणि `pg_dump` चालत होतं 9.2 चं, त्यामुळे ते रोज एरर देऊन थांबायचं. त्याची ईमेल निघायची, पण पत्ता पडताळणीत अडकून नाकारली जायची. एका चाचणीसाठी योगायोगाने घेतलेला सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट होता, म्हणून बाकीचा डेटा वाचला. हे सगळं कंपनीने स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलं आहे.

यातून मी एक गोष्ट उचलतो. ‘बिघाड झाला तर कळवा’ एवढ्यावर विसंबू नका, कारण कळवणारी यंत्रणाही बिघडू शकते. तपासणी उलटी लावा: दुसऱ्या एका मशीनने रोज पाहावं की गेल्या 26 तासांत नवी फाइल आली का, आणि तिचा आकार कालच्याच्या जवळपास आहे का. नसेल तर ओरड करावी.

पण फाइल आली म्हणजे ती उघडेलच असं नाही. ते फक्त रिस्टोअर करूनच कळतं. बॅकअपचे दोन भाग धरा. रविवारी `pg_basebackup` ने पूर्ण प्रत, आणि नंतर होणाऱ्या प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या वॉल फाइल्स, ज्या सतत दुसरीकडे साठत राहतात. पूर्ण प्रतीवर या नोंदी चढवल्या की मधल्या कुठल्याही क्षणापर्यंत जाता येतं. समजा, कुणी दुपारी 2 वाजून 11 मिनिटांनी चुकीचं `DELETE` चालवलं. तर वेगळ्या मशीनवर रविवारची प्रत उघडायची, `postgresql.conf` मध्ये हे लिहायचं, डेटा डिरेक्टरीत `recovery.signal` नावाची रिकामी फाइल ठेवायची आणि सर्व्हर सुरू करायचा:

```
restore_command = 'cp /backup/wal/%f "%p"'
recovery_target_time = '2025-06-25 14:10:00+05:30'
```

हीच कृती महिन्यातून एकदा, काही बिघडलेलं नसताना करा. सर्व्हर सुरू झाला म्हणून थांबू नका. सतत भरणाऱ्या टेबलातली शेवटची नोंद पाहा:

```
SELECT max(created_at) FROM orders;
```

उत्तर 2:10 च्या थोडं आधीचं यायला हवं. रविवारचं आलं, तर वॉल फाइल्स चढलेल्या नाहीत. सोबत घड्याळही लावा. पाच तास लागले, तर खऱ्या संकटातही निदान पाच तास लागणार, हे साहेबांना आजच सांगता येतं. गिटलॅबमध्ये धीम्या डिस्कवरून प्रत आणण्यातच बहुतेक वेळ गेला आणि साइट सुमारे 18 तास बंद राहिली.

आता, किती दिवस ठेवायचं? डिस्क किती आहे यावरून ठरवू नका. आपल्याकडे चूक किती उशिरा लक्षात येते, ते विचारा. हिशेब दर पंधरवड्याला जुळवत असाल, तर सात दिवसांचा बॅकअप असून नसल्यासारखा, कारण चूक सापडेपर्यंत चांगली प्रत पुसली गेलेली असते.

समजा, 14 दिवस ठरले. इथे एक खड्डा आहे. धरा, आज बुधवार, 25 जून. 14 दिवस मागे गेलं की बुधवार, 11 जून. पण 11 ला पोहोचायला त्याआधीच्या रविवारची, म्हणजे 8 जूनची प्रत लागते, आणि तिथपासूनची एकूण एक वॉल फाइल. ‘14 दिवसांहून जुनं पुसा’ अशी स्क्रिप्ट असेल, तर 8 ची प्रत गेलेली असते. उरते 15 ची, म्हणजे हाती फक्त दहा दिवस. म्हणून नियम असा ठेवा: मुदतीच्या आधीची एक पूर्ण प्रत आणि तिच्यापासूनची अखंड साखळी राखायची. मधली एक वॉल फाइल जरी हरवली, तरी त्या प्रतीवरून तिच्या पुढे जाता येत नाही.

तेव्हा पुढच्या रिस्टोअर चाचणीला कालची वेळ घेऊ नका. मुदतीतला सगळ्यात जुना दिवस घ्या. पुसणारी स्क्रिप्ट बरोबर आहे की नाही, ते तिथेच कळतं.