फंडाच्या पासबुकातले तीन रकाने

भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात दर महिन्याला एक ओळ वाढते. त्या ओळीत आधी वेतनाचा महिना आणि पैसे जमा झाल्याची तारीख असते, मग फंडासाठी धरलेले वेतन आणि शेवटी तीन रकमा. पहिली रक्कम कर्मचाऱ्याच्या हिश्श्याची, दुसरी मालकाच्या हिश्श्याची आणि तिसरी पेन्शनची. या तिन्ही रकमांना एकच नियम लागत नाही. फंड कमी जमा झाला, व्याज बुडाले किंवा पेन्शनचे पैसे गायब झाले, अशा बहुतेक शंका तिन्हींना एकाच मापाने मोजल्यामुळे येतात.

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतला एक कामगार उदाहरणासाठी घेऊ. त्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १४,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता किंवा ओव्हरटाइम यात धरलेला नाही, कारण फंडाची आकारणी त्यांवर होत नाही. पगारातून १२ टक्के, म्हणजे १,६८० रुपये कापले जातात आणि ते पहिल्या रकान्यात दिसतात. मालकही १२ टक्केच भरतो, पण त्याच्या रकान्यात मात्र ५१४ रुपयेच दिसतात. मालकाने पैसे मारले, असा समज इथेच होतो. प्रत्यक्षात त्याच्या १,६८० रुपयांमधले ८.३३ टक्क्यांचे १,१६६ रुपये तिसऱ्या रकान्यात, पेन्शन योजनेत गेलेले असतात. दुसरा आणि तिसरा रकाना मिळवला की हिशेब जुळतो.

पेन्शनची आकारणी जास्तीत जास्त १५,००० रुपये वेतनावर होते. त्यामुळे वेतन कितीही वाढले तरी तिसऱ्या रकान्यात साधारणपणे १,२५० रुपयांच्या वर रक्कम जात नाही. काही कंपन्या स्वतःचा आणि कामगाराचा हिस्सासुद्धा १५,००० रुपयांवरच भरतात. तेव्हा दर महिन्याला १,८००, ५५० आणि १,२५० हे ठरलेले आकडे दिसतात, आणि त्यात चूक काही नसते.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराचे पासबुक वेगळे दिसते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत असे कामगार पुष्कळ आहेत. गाळप बंद असताना त्यांच्या ओळीतली रक्कम एकदम घटते, कारण त्या महिन्यांत पगार नसून रिटेनिंग अलाऊन्स मिळतो. पण फंडाच्या कायद्याने हा भत्तासुद्धा आकारणीत धरला आहे. तो हाती पडला आणि पासबुकात ओळच आली नाही, तर टाइम ऑफिसला विचारायलाच हवे. पेन्शनच्या बाबतीत हंगामी कामगाराला एक सवलत आहे. वर्षातले काही महिनेच काम झाले तरी त्याची सेवा पूर्ण वर्षाची मोजली जाते.

एखाद्या महिन्याचा भरणा मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. म्हणून जूनच्या पगाराची ओळ जुलैत दिसते. पगाराच्या स्लिपवर कपात आहे, पण दोन-तीन महिने ओळच नाही, तर मात्र प्रकरण गंभीर असते. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे. तक्रार करताना स्लिप हाच पुरावा ठरतो, त्यामुळे ती जपून ठेवावी.

व्याज फक्त पहिल्या दोन रकान्यांना मिळते. तिसऱ्या रकान्यावर व्याज चढत नाही, कारण पेन्शन त्या रकमेवर ठरत नाही. ती सेवेची वर्षे आणि वेतन यांवर ठरते. व्याजाची मोजणी दर महिन्याच्या शिलकेवर होते, पण ते खात्यावर चढते वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या तारखेने. दर जाहीर होऊन नोंद पडायला पुढचे काही महिने जातात. तोवर पासबुकात जुनीच शिल्लक दिसली तरी व्याज बुडालेले नसते.

२०२४-२५ या वर्षाचा दर ८.२५ टक्के होता. कुपवाडच्या कामगाराची वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, दोन्ही रकाने मिळून, ८०,००० रुपये होती असे धरू. तिच्यावर वर्षाचे ६,६०० रुपये व्याज होते. वर्षभरात दर महिन्याला २,१९४ प्रमाणे आणखी २६,३२८ रुपये जमा झाले. यावरही सरसकट ८.२५ टक्के लावले तर २,१७२ रुपये येतात, पण पासबुकात त्यापोटी मिळतात ९९६ रुपयांच्या आसपास. कारण एप्रिलमध्ये जमा झालेल्या हप्त्याला अकराच महिन्यांचे व्याज मिळते, मेमधल्या हप्त्याला दहा महिन्यांचे, आणि मार्चमधल्या हप्त्याला त्या वर्षी काहीच मिळत नाही. घरी वहीवर पडताळा घेताना हे विसरले की हजार-बाराशेचा फरक येतो आणि दोष कार्यालयाला दिला जातो.

आता हा कामगार कुपवाड सोडून सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कंपनीत १८,००० रुपये वेतनावर लागला. त्याचा बारा आकडी यूएएन तोच राहतो, पण नव्या कंपनीचा मेंबर आयडी वेगळा असतो आणि पासबुकही वेगळे सुरू होते. जुनी शिल्लक नव्या खात्यात आणण्यासाठी नमुना १३चा अर्ज सदस्य पोर्टलवर `One Member – One EPF Account` या नावाखाली करता येतो. नव्या कंपनीने दुसराच यूएएन काढला असेल, तर आधी तो घोळ मिटवावा लागतो.

अर्ज बहुधा अडतो तो नोकरी सोडल्याच्या तारखेवर. जुन्या कंपनीने ती नोंदवलेली नसते, किंवा नव्या कंपनीत लागल्याच्या तारखेनंतरची नोंदवलेली असते. म्हणून अर्जाआधी `Service History` पाहावी. तारीख नसेल आणि जुन्या कंपनीचा शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले असतील, तर `Mark Exit` मधून कामगाराला ती स्वतः नोंदवता येते.

बदली झाली की जुन्या पासबुकात `Claim: Against PARA 57(1)` अशी ओळ येते आणि पहिले दोन रकाने रिकामे होतात. नव्या पासबुकात तेवढीच रक्कम व्याजासह दोन रकान्यांत उतरते. तिसऱ्या रकान्यात मात्र जुन्या पेन्शनपोटी शून्य दिसते. यात नुकसान नाही. पेन्शनच्या खात्यातून पैसे हलत नाहीत, सेवेची वर्षे पुढे जातात, आणि त्यांची नोंद अनेक्श्चर के या कागदावर असते.

शिरवळच्या पहिल्या दोन-तीन ओळी मात्र नीट पाहायला हव्यात. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच नोकरीला लागून ज्याचे वेतन १५,००० रुपयांच्या वर असेल, तो पेन्शन योजनेत येत नाही आणि मालकाचा पूर्ण हिस्सा दुसऱ्या रकान्यात जातो. हा कामगार कुपवाडपासूनच पेन्शनचा सदस्य आहे, त्यामुळे त्याला हा नियम लागू नाही. पूर्ण वेतनावर भरणा होत असेल तर त्याच्या ओळीत २,१६०, ९१० आणि १,२५० दिसायला हवेत. तिसऱ्या रकान्यात शून्य दिसले, तर कंपनीने त्याला नवखा सदस्य समजून नोंदवले आहे. रुजू होताना भरलेल्या नमुना ११ मध्ये जुन्या पेन्शनचा उल्लेख राहिला की असे होते. ही चूक लगेच दुरुस्त करून घ्यावी, कारण मासिक पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते.

स्मार्टफोन नसलेल्यांना शिल्लक मराठीत कळू शकते. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून `EPFOHO UAN MAR` असा संदेश ७७३८२९९८९९ या क्रमांकावर पाठवावा.