वजा दोन ab, मग शेवटी प्लस का?

आजचा भाग नुसता ऐकायचा नाही, हातानं करायचा आहे. बसमध्ये असाल तर ऐकून घ्या, घरी गेल्यावर करा. घरी असाल तर दोन रंगांचे घोटीव कागद, कात्री, फूटपट्टी आणि डिंक घेऊन बसा. मी थांबतो.

मी संध्याकाळी आठवीच्या मुलांना गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका मुलीनं मला विचारलं, "सर, (a − b)² मध्ये सगळं वजा चाललंय, मग शेवटचा b² प्लस कसा?" मी म्हणालो, "वजा गुणिले वजा अधिक. पाठ कर." तिनं पाठ केलं. परीक्षेत मार्कही मिळाले. पण त्यानंतर तिनं मला 'का' म्हणून काही विचारलं नाही. ते मला अजून टोचतं. म्हणून तिला तेव्हा जे उत्तर द्यायला हवं होतं, ते आज देतोय.

आधी सोपं सूत्र घेऊ, (a + b)². पोरांना ते झोपेतही म्हणता येतं. पण (x + 3)² सोडवायला दिलं की निम्मी वही x² + 9 म्हणते. सूत्र तोंडात आहे, पण ते कशाबद्दल बोलतंय हे माहीत नाही.

तर 10 सेंटिमीटर बाजूचा एक चौरस कापा. क्षेत्रफळ 100. आता उजव्या कडेपासून 3 सेंटिमीटरवर उभी घडी घाला आणि खालच्या कडेपासून 3 सेंटिमीटरवर आडवी घडी घाला. कागद उघडा. चार तुकडे दिसतील. एक मोठा चौरस 7 बाय 7, म्हणजे 49. एक छोटा चौरस 3 बाय 3, म्हणजे 9. दोन्हींची बेरीज 58. शंभरातले 42 कुठे गेले? ते दोन आयतांमध्ये आहेत, 7 बाय 3 चे दोन, प्रत्येकी 21. मोठ्या तुकड्याची बाजू a आणि छोट्याची b म्हटलं, की ते दोन आयत म्हणजेच 2ab. जो मुलगा x² + 9 लिहितो, तो हे दोन तुकडे टेबलाखाली पाडून आलेला असतो.

इथे एक गडबड हमखास होते. उभी घडी 3 वर आणि आडवी साडेतीनवर पडते. मग कोपऱ्यातला तुकडा चौरस राहत नाही. ओळखायचं कसं? घड्यांवरून कापा आणि एक आयत फिरवून दुसऱ्यावर ठेवा. तंतोतंत बसला तर घडी बरोबर. नाही बसला तर नवीन कागद घ्या.

आता कुणी म्हणेल, "सर, हे तर 7 आणि 3 साठी झालं. सिद्धता कुठंय?" बरोबर आहे. नुसतं मोजून 100 जुळलं ही सिद्धता नव्हे, तो ताळा झाला. म्हणून वर्गात मी दुसऱ्या फेरीला फूटपट्टी काढून घेतो. प्रत्येकानं घडी आपल्या मनानं घालायची, फक्त दोन्ही घड्या कडेपासून सारख्या अंतरावर हव्यात. सगळ्यांचे तुकडे वेगवेगळ्या मापाचे येतात, पण प्रत्येकाकडे दोन चौरस आणि दोन सारखे आयतच निघतात. माप वापरलंच नाही, तरी तुकडे तेच आले. सिद्धता इथे आहे. युक्लिडनं 'एलिमेंट्स'च्या दुसऱ्या खंडात, चौथ्या प्रमेयात हीच गोष्ट a, b न वापरता, रेषा आणि चौरसांच्या भाषेत मांडली आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न.

पुन्हा 10 चा एक चौरस घ्या. लक्ष द्या, या वेळी अख्खी बाजूच a आहे. मघाशी a म्हणजे 7 होता, आता a म्हणजे 10. इथे बरीच मुलं घसरतात, म्हणून कागदाच्या कडेवर पेन्सिलनं a लिहून ठेवा. b तोच, 3. शिवाय दुसऱ्या रंगाचा 3 बाय 3 चा एक चौरस कापून बाजूला ठेवा. तो आपला b².

आपल्याला (a − b)² हवाय, म्हणजे 7 बाजूचा चौरस. त्यासाठी उजवीकडून 3 रुंदीची उभी पट्टी कापा. ती 10 लांब आहे, म्हणजे पूर्ण ab, 30. आता खालून 3 रुंदीची आडवी पट्टी कापा. हातात 7 चा चौरस उरला. काम झालं.

पण दुसरी पट्टी पहिलीशेजारी ठेवून बघा. ती आखूड आहे! 10 नाही, 7 च लांब. कारण तिचा कोपरा पहिल्या पट्टीबरोबर आधीच गेलाय. सूत्र मात्र म्हणतं की दोन पूर्ण ab वजा करा. एकच कोपरा दोनदा कसा कापणार?

तर तो बाजूला ठेवलेला रंगीत चौरस उचला आणि आखूड पट्टीच्या टोकाला चिकटवा. आता तीही 10 लांब झाली, पूर्ण ab.

हिशेब करू. सुरुवातीला आपल्याकडे दोन कागद होते, a² आणि b². शेवटी आहेत (a − b)² आणि दोन ab. कागद कुठे वाढला नाही, कुठे हरवला नाही. म्हणजे a² + b² = (a − b)² + 2ab. आकड्यांत 100 + 9 आणि 49 + 30 + 30, दोन्हीकडे 109. आता 2ab डावीकडे न्या:

(a − b)² = a² − 2ab + b²

तो प्लस म्हणजे हा रंगीत तुकडा. दोन पूर्ण पट्ट्या काढायच्या तर कोपरा दोनदा वजा होतो, म्हणून एकदा परत द्यावा लागतो.

कागदाची एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. a = 2 आणि b = 5 घेतलं तर 2 च्या बाजूतून 5 ची पट्टी कापता येणार नाही. पण सूत्र तिथंही चालतं: 4 − 20 + 25 = 9, आणि (−3)² सुद्धा 9. तिथे कंसाला कंसानं गुणावं लागतं, आणि "वजा गुणिले वजा अधिक" तिथे कामाला येतं. म्हणजे माझं त्या वेळचं उत्तर चूक नव्हतं. फक्त ते तिला काही दिसेल असं नव्हतं.

जाता जाता एक काम. (2x + 3)² कागदावर करा. x ही कुठलीही एक लांबी घ्या, पण 5 किंवा 6 सेंटिमीटर अशी नेमकी नको, नाहीतर पोरं x मोजून "सर, x म्हणजे पाच" म्हणून मोकळी होतात. मोठ्या चौरसाची बाजू 2x आहे. त्यात x² चे किती चौरस बसतात ते मोजा. दोन की चार? लहान भावंड घरात असेल तर आधी त्याला विचारा, आणि तो "दोन" म्हणाला तर रागावू नका, कात्री त्याच्या हातात द्या.

भेटू पुढच्या भागात.