बरणीवरची पहिली ओळ

(वसंत व्याख्यानमालेत घरगुती उद्योग करणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान)

मंडळी, सध्या कैरीचे दिवस आहेत. इथे बसलेल्यांपैकी कित्येकींच्या घरी आत्ता या क्षणी मिठात फोडी मुरत असतील. लोणचं कसं घालावं हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल. मी बोलणार आहे ते बरणीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकल्यावर त्याखाली काय लिहायचं, एवढ्याचबद्दल.

मिरजेच्या एका काकूंनी मला त्यांची पहिली कॅप्शन वाचायला दिली. ती अशी होती: ‘आजीच्या हातची तीच अस्सल चव, आता तुमच्या दारी! १००% शुद्ध, प्रिझर्वेटिव्हविरहित. मर्यादित साठा, त्वरा करा! किमतीसाठी डीएम करा.’

यात चुकीचं मराठी कुठेच नाही. पण कैरी काढून पापड घातले तरी कॅप्शनला काही फरक पडत नाही. मी विचारलं, आजीचीच कृती का? त्या म्हणाल्या, “छे हो, आमच्या आजींना लोणचं खपायचंच नाही. हे मी शेजारच्या वहिनींकडून शिकले.” मग तेच लिहा की! इन्स्टाग्रामवर आज्यांची इतकी गर्दी झाली आहे की शेजारच्या वहिनी पाहून वाचणाऱ्याला बरंच वाटेल.

‘मर्यादित साठा’ खटकतं, कारण ते म्हणणाऱ्याकडे गोदाम भरलेलं असतं हे आपल्याला ठाऊक आहे. काकूंनी ८ किलो राजापुरी कैरी फोडली होती. कोयी काढून, मीठ-मसाला-तेल धरून त्यांच्या ४०० ग्रॅमच्या २४ बरण्या भरल्या. ४ घरात ठेवल्या, २० विकायला. हा आकडाच लिहायचा. ‘२० बरण्या आहेत’ म्हटलं की घाई करा असं वेगळं सांगावं लागत नाही, आणि ज्याला नको आहे त्याला हात धरून ओढल्यासारखंही वाटत नाही.

‘प्रिझर्वेटिव्हविरहित’ची गंमत अशी की लोणच्यात मीठ आणि तेल तेच काम करतात. बाहेरून काही घातलेलं नसेल तर ‘मीठ आणि तेल यांवरच टिकतं’ एवढं म्हणावं. लगेच पुढे ‘ओला चमचा घालू नका, वर तेल राहू द्या’ हेही सांगावं. नाहीतर बुरशी आली की दोष तुमच्या माथी.

आता किंमत. बरेचजण ती लपवतात, कारण आकडा लिहिला की धंदेवाईक दिसेल अशी भीती. मला उलट वाटतं. किमतीसाठी मेसेज करायला लावलं की विचारणारा अडकतो. आकडा ऐकून ‘नको’ म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून तो विचारतच नाही. उघड किंमत हे विकणाऱ्याचं सौजन्य आहे.

बसून आम्ही दुसरी कॅप्शन लिहिली. फोटोखाली सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’ दाबल्यावर. म्हणून ‘नमस्कार, मी माझा नवीन व्यवसाय’ वगैरे काढून टाकलं आणि थेट कैरीवर आलो:

‘काल ८ किलो राजापुरी कैरी फोडली, हाताला अजून हिंगाचा वास आहे. शेजारच्या वहिनींनी शिकवलेलं लोणचं: मोहरीची डाळ, मेथी, शेंगदाण्याचं तेल. फोडणी पूर्ण गार करूनच घालते. तिखट बेताचं आहे, झणझणीत खाणाऱ्यांना कमी वाटेल. अजून मुरायचंय, १५ दिवस थांबा. मीठ आणि तेल यांवरच टिकतं. ओला चमचा घालू नका, वर तेल राहू द्या. ४०० ग्रॅमची बरणी २२० रुपये, सध्या २० आहेत. हवं असेल तर मेसेज करा, मिरजेत मी स्वतः आणून देते.’

‘झणझणीत खाणाऱ्यांना कमी वाटेल’ यावर काकू अडल्या. गिऱ्हाईक का तोडायचं म्हणाल्या. पण तेच वाक्य बाकी सगळ्यांवर विश्वास बसवतं, आणि झणझणीत खाणारा माणूस मागवून नंतर तक्रार करण्यापेक्षा आधीच थांबलेला बरा. वाक्य राहिलं. उद्गारचिन्हं मात्र सगळी गेली.

दोन बारीक गोष्टी. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून व्हॉट्सॲपची लिंक प्रोफाइलच्या माहितीत ठेवा. आणि कॅप्शन नंतर बदलता येते. बरण्या संपल्या की ‘संपलं’ असं त्याच कॅप्शनमध्ये वरच लिहा, जुनी ओळ तशीच ठेवून लोकांना विचारायला लावू नका. पुढची खेप लिंबाची असेल तर तीही तिथेच सांगून टाका, पण लिंबं खरोखर आणल्यावरच.