ण गेला, ड राहिला



आपल्या या झाडीपट्टीच्या बोलीविषयी बाहेरच्या माणसाचे एक ठरलेले मत असते. तो म्हणतो, “इकडच्या लोकांना ‘ण’ येत नाही. ते पाण्याला ‘पानी’ म्हणतात आणि लोण्याला ‘लोनी’ म्हणतात.” थोडे अधिक दिवस राहिला तर आणखी एक गोष्ट त्याच्या कानावर येते. ‘जवळ’चे ‘जवर’ होते, ‘डोळा’ ‘डोरा’ होतो. वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडात गेला तर तोच डोळा ‘डोया’ झालेला आढळतो. मग तो निष्कर्ष काढतो की, या मंडळींची जीभ जड आहे, टाळूकडे वळत नाही. शाळेतली पोरेही याच समजुतीपायी बोलणी खातात.

हा निष्कर्ष आज आपण तपासून पाहू. जीभ मागे वळवून उच्चारायचे वर्ण मराठीत किती? ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ. व्याकरणात यांना मूर्धन्य म्हणतात. जीभच वळत नसती तर हे साहीच्या साही वर्ण गेले असते. पण चंद्रपूरच्या बाजारात कोणी ‘वाटा’ला ‘वाता’ म्हणताना आपण ऐकले आहे काय? ‘गाडी’ची ‘गादी’ झालेली कोणी पाहिली आहे काय? ट राहिला, ठ राहिला, ड आणि ढ राहिले. सहातले चार जागच्या जागी आहेत, आणि दोनच हलले आहेत. तेव्हा प्रश्न असा की, नेमके हे दोनच का? ण आणि ळ यांच्यात असे काय सामाईक आहे, जे उरलेल्या चौघांत नाही?

‘दोघे मूर्धन्य आहेत’ हे उत्तर पुरे नाही, कारण ते साहीजणांना लागू पडते. ‘दोघे घोष आहेत’ म्हणावे, तर ड आणि ढही घोष आहेत. कंठावर बोट ठेवून ‘ड’ म्हणून पाहा, स्वरतंतूंची थरथर बोटाला लागेल. ‘दोघे अनुनासिक’ म्हणावे, तर ळ नाकातून येत नाही. नाक चिमटीत धरून ‘ळ’ म्हणता येतो, ‘ण’ मात्र धड म्हणता येत नाही. म्हणजे आपल्या परिचयाच्या लक्षणांपैकी एकही लक्षण हे काम करीत नाही. आणखी एक लक्षण शोधावे लागते.

ते शोधण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे, आणि तो येथे बसल्या बसल्या करता येतो. ओठ घट्ट मिटा आणि ‘म्’ म्हणत राहा. श्वास पुरेल तोवर आवाज चालू राहतो. आता तसेच ओठ मिटून ‘ब्’चा घोष चालू ठेवण्याचा यत्न करा. नाकाने वारा सोडायचा नाही, बरे का! गाल फुगतात, आणि क्षणार्धात आवाज बंद पडतो. कारण उघड आहे. स्वरतंतू हलते राहायचे तर खालून वारा वर वाहत राहिला पाहिजे. ‘ब’मध्ये तोंड बंद आणि नाकही बंद, त्यामुळे वारा कोंडतो आणि तंतू थांबतात. ‘म’मध्ये नाकाची वाट उघडी असते. ‘ळ’मध्ये जिभेच्या कडांवरून वाट उघडी असते, ‘र’ आणि ‘य’ यांनाही कोंडमारा नाही. ज्या वर्णांत वारा कोंडला जात नाही आणि म्हणून घोष आपसूक चालतो, त्यांना आपण आजपुरते ‘मुक्तनाद’ म्हणू. न, म, ण, र, ल, ळ, य, व हे मुक्तनाद. क, ग, ट, ड, प, ब आणि स, श हे तसे नाहीत, त्यांत कुठे ना कुठे अडवणूक आहे.

आता आपले कोडे सुटते. साही मूर्धन्यांपैकी मुक्तनाद किती? ण आणि ळ, एवढेच. झाडीतला नियम दोन शब्दांत सांगता येतो: मूर्धन्य मुक्तनाद आपली मूर्धन्यता सोडतात. आणि ते कोठे जातात हेही पाहण्यासारखे आहे. ण नासिक्य आहे, तो नासिक्यच राहतो आणि ‘न’ होतो. ळ नासिक्य नाही, तो नाकाच्या वाटेला जात नाही. तो ‘र’ होतो किंवा ‘य’ होतो, पण मुक्तनादच राहतो. एका लक्षणाला धक्का बसतो आणि शेजारची लक्षणे शाबूत राहतात. जड जिभेने असा काटेकोर हिशेब कसा ठेवला असता?

अशा लक्षणांना व्यवच्छेदक लक्षणे म्हणतात, आणि त्यांनी बांधलेल्या गटाला नैसर्गिक वर्ग. निकोलाय त्रुबेत्स्कोय याने 1939 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णांतील विरोधांची मांडणी केली, आणि 1952 साली रोमान याकोब्सन, गुन्नार फांत व मॉरिस हाले या तिघांनी लक्षणांची एक छोटी यादीच मांडली. वर्ग नैसर्गिक आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी मोठी नामी आहे. एकट्या वर्णाचे वर्णन करायला जितकी लक्षणे लागतात, त्याहून कमी लक्षणांत सगळा गट सांगता आला पाहिजे. एकटा ‘ळ’ सांगायचा तर मूर्धन्य असणे, मुक्तनाद असणे आणि नासिक्य नसणे अशी तीन लक्षणे लागतात. ‘ण आणि ळ’ सांगायला दोन पुरतात. पण ‘म, ट आणि स’ यांचा गट करून पाहा. त्यांना एकत्र बांधणारे लक्षणच नाही, प्रत्येकाचे नाव वेगळे घ्यावे लागते. असा गट भाषेच्या नियमांत एकजुटीने वागताना सहसा दिसत नाही.

हा मुक्तनाद झाडीपुरताच कामाचा आहे असे कोणी समजू नये. तो पुण्याच्या पेठेतल्या मराठीतही तितकाच राबतो. आपण ‘लागतो’ लिहितो, पण घाईत ‘लाक्तो’ म्हणतो. ‘नागपूर’चे ‘नाक्पूर’ होते. पुढे अघोष त किंवा प आला की मागचा ग आपला घोष टाकतो. उलट बाजूने ‘एकदा’चे ‘एग्दा’ होते आणि ‘हातगाडी’ची ‘हाद्गाडी’. पुढच्या घोषाने मागच्याला घोष केले. येथवर नियम सरळ दिसतो: पुढचा वर्ण घोष तर मागचाही घोष.

पण मग ‘शिकला’ हा शब्द घ्या. ल घोष आहे. ‘शिग्ला’ कोणी म्हणते काय? ‘शिकणार’चे ‘शिग्णार’, ‘एकमत’चे ‘एग्मत’, ‘हातरुमाल’चे ‘हाद्रुमाल’ होत नाही, कितीही घाई असो. ल, ण, म, र सारेच घोष आहेत, तरी मागच्या क-तला हात लावीत नाहीत. द, ग, ज मात्र लावतात, ‘एकजण’चा ‘एग्जण’ होतोच. तेव्हा नियम असा दुरुस्त करावा लागतो की, घोष असून मुक्तनाद नसलेला वर्ण मागच्याला घोष करतो. ‘घोष’ या एका लक्षणाने गट फार मोठा होत होता. दुसऱ्याने त्याला बरोबर तासले.

यामागचे कारणही सांगता येण्यासारखे आहे. ब आणि प यांत घोषाचाच झगडा आहे, ‘बाट’ आणि ‘पाट’ एवढ्यावरून वेगळे होतात. ‘म’ला मराठीत अघोष जोडीदारच नाही. त्याचा घोष वाऱ्याबरोबर आपोआप आलेला, तो काही वेगळे सांगत नाही. जे लक्षण भेद करीत नाही ते शेजाऱ्यावर आपला ठसाही उमटवीत नाही, असे दिसते. मात्र हे सर्व भाषांना लागू धरू नका. संस्कृतात पदाच्या शेवटच्या क्-ला पुढचा स्वरही घोष करतो, वाक् आणि ईश मिळून ‘वागीश’ होतो. तेथे वर्ग अधिक रुंद आहे.

आणि पाणिनीला या रुंदीचे भान पुरेपूर होते. त्याच्या प्रत्याहारांत ‘झश्’ म्हणून एक आहे. त्यात झ, भ, घ, ढ, ध, ज, ब, ग, ड, द असे दहा वर्ण येतात. म्हणजे घोष तर सारे, पण नासिक्य एकही नाही, य-र-ल-वही नाहीत. आपला ‘एग्दा’चा गट तो हाच की! पाणिनीने लक्षणांची नावे न घेता वर्णांचा क्रमच असा लावला की हवा तो वर्ग दोन अक्षरांत उचलता यावा.

आता ‘प्रवाही’ हे लक्षण. ‘स्’ हवा तेवढा लांबवता येतो, म्हणून तो प्रवाही. ‘त्’ लांबवता येत नाही, तेथे तोंडाची वाट पुरती बंद होते. या लक्षणासाठी आपल्याला गडचिरोलीकडच्या रानात जावे लागेल. मिठाला गोंडीच्या काही बोलींत ‘सोवर’ म्हणतात, काहींत ‘होवर’, तर माडियाच्या नोंदींत ‘ओवर’ असा शब्द मिळतो. बरो आणि भट्टाचार्य यांनी 1960 साली गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह दिला, आणि भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी 1998 साली या बदलाची फोड केली. शब्दारंभीचा ‘स’ आधी ‘ह’ झाला, मग लोपला. पहिल्या पायरीवर जिभेची जागा सुटली, पण अघोषता आणि प्रवाहीपणा टिकला. दुसऱ्या पायरीवर तेही गेले. शब्दारंभीचा ‘त’ या वाटेने गेला नाही, कारण तो प्रवाही नाही.

शेवटी एक अडचण सांगितली पाहिजे, कारण चाणाक्ष श्रोत्याच्या मनात ती आलीच असेल. ‘गाडी’तला ड आपण ‘डबा’तल्या डसारखा दाबून म्हणत नाही. जीभ नुसती झटका देऊन खाली येते. कानाला तो जवळजवळ मुक्तनाद वाटतो. मग तो ‘र’ का झाला नाही? उत्तर असे की, वर्ण कोणत्या वर्गातला हे केवळ कानाने ठरत नाही, वागणुकीने ठरते. तो शब्दारंभी पूर्ण ड होतो, द्वित्तातही पूर्ण ड होतो, म्हणून बोलणाऱ्याच्या हिशेबी तो डच आहे. तसेच ‘अंडे’ आणि ‘घंटा’ यांतला नासिक्य वर्ण झाडीतही जीभ वळवूनच निघतो. तेथे त्याची जागा पुढचा ड किंवा ट ठरवितो.

शिकविणाऱ्याच्या दृष्टीने याचा हिशेब असा होतो. झाडीतल्या मुलाला मूर्धन्य उच्चार नव्याने शिकवावे लागत नाहीत, ट-ड त्याला येतातच. त्याच्या ‘न’मध्ये प्रमाण मराठीतले दोन वर्ण मिसळले आहेत, आणि कोणता न मुळात ण आहे हे उच्चारावरून त्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून नुसते “ण म्हण” असे बजावले की ‘पाणी’ सुधारते खरे, पण त्याबरोबर ‘मन’चे ‘मण’ आणि ‘कान’चा ‘काण’ होऊ लागतो. तेथे एकेक शब्द वेगळा करून दाखवावा लागतो, त्याला दुसरी वाट नाही.