मनगटावरचा रस्ता

१२ जानेवारीला बीबीहून मोटारसायकलने सिंदखेडराजाला निघायचं, हे डोळ्यांसमोर ठेवून बोलतो. जिजाऊ जयंतीला तिथे लाखोंची गर्दी होते. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण नकाशा काही उघडत नाही. म्हणून नकाशा आदल्या रात्री घरूनच उतरवून घ्यायचा.

गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवलं की Offline maps सापडतं. तिथली चौकट मेहकरपासून जालन्यापर्यंत ओढा आणि डाउनलोड करा. मग फोन विमान मोडवर टाका, ब्लूटूथ मात्र परत चालू करा, कारण मनगटावरचं घड्याळ त्याच्यावरच फोनशी बोलतं. आता रस्ता मागून बघा. आपली जागा उपग्रहावरून कळते, तिला इंटरनेट लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. गूगलचा उतरवलेला नकाशा रस्ता दाखवतो तो मोटारीचा. दुचाकीचा पर्याय नेट असतानाच. मोटारीला समृद्धी महामार्ग चालतो, आपल्याला तिथे बंदी आहे. त्यामुळे निघण्याआधी रेषा बोटाने पुढे सरकवत बघा. दुसरबीड, किनगावराजा ही गावं वाटेत लागली तर रस्ता आपला. गावं टाळून रेषा सरळ धावत असेल तर ती समृद्धीवर चढलीय. मग थेट सिंदखेडराजा न टाकता आधी दुसरबीड टाका, तिथून पुढचं.

आता घड्याळ. फोन हँडलला बांधण्याची आपल्याकडे फार हौस. पण इंजिनाच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असं अ‍ॅपलने २०२१ मध्येच सांगितलंय. फोन खिशात ठेवा. अ‍ॅपलच्या नकाशावर रस्ता धरला तर घड्याळात उजव्या वळणाची खूण वेगळी, डाव्या वळणाची वेगळी. पायी चालताना हा फरक छान कळतो. गाडीवर मात्र हँडलची थरथर त्यात मिसळते, आणि खुणा ओळखत गाडी चालवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. थरथरलं म्हणजे वळण आलं, एवढंच धरा. वेग कमी करा, रस्ता मोकळा असेल तरच मनगटाकडे बघा. पट्टा घट्ट हवा, मनगटाच्या हाडाच्या जरा वर. सेटिंगमध्ये कंपन Prominent वर ठेवा.

गाडी लावून राजवाड्याकडे पायी निघालात की गूगलचा उतरवलेला नकाशा पायवाट सांगत नाही. अ‍ॅपलचा सांगतो, पण आयफोन चालू आणि जवळ असला तरच घड्याळात येतो. अँड्रॉइडवाल्यांनी ऑरगॅनिक मॅप्स घ्यावं, त्यात पायी रस्ता नेटशिवाय मिळतो; फोन हातात धरावा लागला तरी चालताना अडचण नाही.

एक विनंती. विमान मोडची ही चाचणी आज घरी गेल्यावरच करून बघा.