आजीची आठवण, कॅमेऱ्यासमोर

सावली गावातल्या आजीची आठवण टिपताना
कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा.
पंखा बंद करावा, त्याच्या घरघरीत शब्द हरवतात.

श्रोतेहो, 'लग्न कोणत्या साली झालं?' असं विचारलं,
तर उत्तर तिथंच संपतं.
'आजी, पहिल्यांदा रोवणीला गेलीस,
तेव्हा सोबत कोण होतं?'
असं विचारलं, की बांधी आणि चिखलही बोलण्यात येतात.

१९३६ साली गांधीजी सावलीला आले होते.
'घरातली थोरली माणसं त्याबद्दल काय सांगायची?'
हाही चांगला प्रश्न.

उत्तर थांबलं, तरी घाई नको.
मनात पाच अंक मोजावेत.
एक प्रश्न, मग शांतता.
आठवण पुष्कळदा शांततेनंतरच येते.
हुंकार देऊ नये, नुसती मान हलवावी.

डोळे भरले, तर थांबायचं का, हे आजीनं ठरवावं.