निर्वैर धैर्य



27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी येथील मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यासरशी मराठवाड्यात खेडोपाडी आपली घरे पेटली, माणसे मारली गेली. हा रोष केवळ नावावर नव्हता. धर्मांतरानंतर आपण गावकीची हीन कामे नाकारली, त्यावरही होता.

तरीही चळवळीने मोर्चा, सत्याग्रह आणि तुरुंगवास यांचा मार्ग धरला. साडेपंधरा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 रोजी, नामविस्तार झाला. संपूर्ण नामांतर झाले नाही. पण बाबासाहेबांचे नाव विद्यापीठावर कोरले गेले.

आज कोणी तुमची मजुरी तोडली, दुकानातून माल नाकारला, तर काय कराल? 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींचे संरक्षण आहे. म्हणून जातीचा दाखला जपा. 2015 च्या दुरुस्तीने असा बहिष्कार अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्पष्टपणे गुन्हा ठरला आहे. त्याच दिवशी वेळ, स्थळ व साक्षीदार लिहून काढा. फिर्याद नोंदवा आणि तिची विनामूल्य प्रत घ्या. हात मात्र उगारू नका. उलट फिर्याद होते आणि पीडितच आरोपी ठरतो. शिवाय द्वेष घरात शिरला, की आपण स्वीकारलेला धम्म घराबाहेर जातो.

जय भीम!